‘मले’ आणि ‘अप्रूव्हल’ एकाच संवादात: पात्राच्या तोंडी बोली आणि इंग्रजी कशी मिसळते

नवी मालिका किंवा चित्रपट आला की एक तक्रार ठरलेली असते: “आमच्याकडे असं कुणी बोलत नाही.” त्यावर लेखकांचं उत्तरही ठरलेलं: “बोली वापरली तरी बोंब, नाही वापरली तरी बोंब.” मग कुणीतरी म्हणतं, हल्ली सगळेच इंग्रजी मिसळून बोलतात, तेव्हा प्रत्येकाच्या वाक्यात चार इंग्रजी शब्द टाका आणि मोकळे व्हा. तेही करून पाहिलं जातं. मग गावातली म्हातारी, शहरातला डॉक्टर आणि कॉलेजातली मुलगी अशी तिघं एकाच माणसासारखी बोलू लागतात.

या लेखात एकच प्रश्न घेतला आहे. पात्र कुठलं आहे, किती शिकलेलं आहे, कुठल्या थरातलं आहे, हे त्याच्या बोलण्यातून कळावं, पण त्याचं सोंग होऊ नये, हे कसं साधतं? त्यासाठी एक छोटा प्रसंग आधी बिघडवून आणि मग दुरुस्त करून बघू.

बिघडलेला प्रसंग

मोठं रुग्णालय. सरकारी आरोग्य योजनेच्या खिडकीशी ‘आरोग्यमित्र’ बसलेला आहे. योजनेत बसणाऱ्या रुग्णांची कागदपत्रं तो बघतो आणि उपचाराआधीच्या मंजुरीसाठी, म्हणजे ‘प्री-ऑथ’साठी, वर पाठवतो. समोर अकोल्याकडच्या एका गावातून आलेल्या कांताबाई आहेत, वय पंचावन्नच्या आसपास. त्यांच्या नवऱ्याच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा निघालाय. हा प्रसंग साधारण असा लिहिला जातो:

कांताबाई: “अवो सायेब, म्या लई येळची हुबी हाय जी. माजं मालक आय शी यू मंदी हायती. आपरेशनचं पैकं कवा मिळनार?”

डॉक्टर: “ओह, सो सॉरी! युअर हजबंडची कंडिशन इज नॉट गुड, यू नो. आय थिंक तुम्ही थोडा वेट केला पाहिजे.”

कांताबाईंच्या वाक्यात पहिली चूक भूगोलाची आहे. ‘हुबी’, ‘हायती’, ‘पैकं’ हा सगळा माल पश्चिम महाराष्ट्राकडचा, आणि शेवटी विदर्भाची खूण म्हणून एक ‘जी’ चिकटवलेला. ही कुठल्याच गावाची भाषा नाही. नाटक-सिनेमानं घडवलेली ती ‘ग्रामीण’ नावाची भाषा आहे, आणि ती फक्त रंगमंचावर बोलली जाते. अकोल्याच्या प्रेक्षकाला हे पहिल्या वाक्यालाच कळतं. दुसरी चूक जास्त खोल आहे, ती स्पेलिंगची. तिच्याकडे पुढे येऊ.

डॉक्टरांचं वाक्य तर त्याहून वाईट आहे, फक्त त्यावर कुणी आक्षेप घेत नाही. ‘युअर हजबंडची कंडिशन इज नॉट गुड’ असं मराठी माणूस बोलतच नाही, मग तो कितीही इंग्रजी शाळेत शिकलेला असो. का बोलत नाही, याला नियम आहे.

मिसळण्यालाही व्याकरण असतं

दोन भाषा एकाच वाक्यात वापरण्याला भाषामिश्रण म्हणतात. वरवर ते मनमानी वाटतं, पण तसं नसतं. अमेरिकी भाषावैज्ञानिक कॅरल मायर्स-स्कॉटन यांनी केनियातल्या स्वाहिली-इंग्रजी मिश्रणाचा अभ्यास करून १९९३ मध्ये एक मांडणी केली. तिचा गाभा असा की मिश्र वाक्यातही एक भाषा चौकट पुरवते आणि दुसरी त्या चौकटीत बसणारे शब्द. तपशिलांवर अभ्यासकांत पुष्कळ वाद आहेत, पण संवाद लिहिणाऱ्याला एवढं पुरतं.

मराठीत बघा. चौकट म्हणजे विभक्तीचे प्रत्यय, सर्वनामं, आणि शेवटचं क्रियापद. हे मराठीच राहतं. इंग्रजीतून येतात ती नामं, विशेषणं, आणि ‘करणे’, ‘होणे’, ‘मारणे’ यांच्या आधाराने उभे राहणारे धातू: ॲडमिट केलं, कॅन्सल झालं, कॉल मार. इंग्रजी धातू इथे उघडा येतो. ‘ॲडमिटेड केलं’ असं कुणी म्हणत नाही. म्हणूनच ‘कंडिशन चांगली नाहीये’ हे सहज वाटतं आणि ‘कंडिशन इज नॉट गुड’ हे मराठी वाक्याच्या मध्यात अडकतं. डॉक्टर पूर्ण वाक्य इंग्रजीत बोलू शकतात, नंतर पूर्ण वाक्य मराठीत बोलू शकतात. पण अर्ध्या वाक्यात क्रियापदाची भाषा बदलून परत ‘-ची’ लावणं जिभेला जमत नाही.

या चौकटीत शब्द कसा बसतो, यावरूनच माणसाबद्दल पुष्कळ कळतं. नुकताच आलेला इंग्रजी शब्द पाहुण्यासारखा असतो. त्याला कुणी हात लावत नाही, प्रत्यय बाहेरून जोडला जातो: लॅपटॉपवर, मेलमध्ये. जुना झालेला शब्द घरचा होतो, आणि घरच्याला वळवलं-वाकवलं तरी चालतं: बँकेत, कंपनीत, टेबलावर, फायलीत. बरेच शब्द मधल्या वाटेवर असतात. ‘कॉलेजात’ आणि ‘कॉलेजमध्ये’, ‘ऑफिसात’ आणि ‘ऑफिसमध्ये’, ‘फायली’ आणि ‘फाइल्स’ या जोड्या जिभेवर घोळवून बघा. ‘आम्ही कॉलेजात असताना’ म्हणणारा माणूस बहुधा वयानं मोठा असतो, आणि तो प्राध्यापकही असू शकतो. ‘सगळ्या फाइल्स’ म्हणणाऱ्याच्या कानावर इंग्रजी अनेकवचन लहानपणापासून पडलेलं असतं. ‘एक लेडीज बसली होती’ म्हणणाऱ्याला ते अनेकवचन आहे हे माहीत नसतं किंवा त्याचं देणंघेणं नसतं. त्याच्यासाठी तो एक मराठी शब्द आहे.

यातल्या एकाही जागी उच्चार बिघडवून लिहावा लागला नाही, हे लक्षात घ्या.

इंग्रजी शब्द मोजून वर्ग कळत नाही

सर्वांत घट्ट बसलेला गैरसमज असा की शिकलेला माणूस जास्त इंग्रजी वापरतो आणि न शिकलेला कमी. गॅरेजमध्ये उभं राहून ऐका. क्लचप्लेट, गिअरबॉक्स, सायलेन्सर, बेअरिंग, प्लग, ऑइल, सर्व्हिसिंग. शेतकऱ्याच्या तोंडी मोटर, स्टार्टर, थ्री फेज, डीपी, ड्रिप, व्हॉल्व्ह. “डीपी जळाली, स्टार्टर ट्रिप होतोय” या वाक्यात मराठी चौकट सोडली तर बाकी सगळं इंग्रजी आहे. आणि हे बोलणारा माणूस कदाचित सातवीच्या पुढे शिकलेला नसेल.

फरक पडतो तो इंग्रजी वाक्याच्या कुठल्या भागात आहे, यात. कामातून आलेलं इंग्रजी वस्तूंची आणि क्रियांची नावं घेऊन येतं. शाळेतून आणि घरातून आलेलं इंग्रजी वाक्याचे सांधेही घेऊन येतं: सो, बट, ॲक्च्युअली, बेसिकली, आय मीन, लाइक. ‘पण’ या शब्दाला मराठीत कसलीही कमतरता नाही, तरी जो माणूस ‘बट’ म्हणतो त्याचा विचारच दोन भाषांतून चाललेला असतो. मेकॅनिक दिवसभरात पन्नास इंग्रजी शब्द वापरेल, पण ‘बट’ सहसा म्हणणार नाही. हाच माझ्या मते वर्ग दाखवण्याचा सर्वांत विश्वासू धागा आहे, आणि सर्वांत कमी वापरला जाणाराही.

अर्थात तरुण मुलांमध्ये हे सांधे आता खाली झिरपतायत. मोबाइलवर दिवसरात्र बोलणं ऐकणारा गावातला मुलगाही ‘ॲक्च्युअली’ म्हणतो. पण तो ते कुणाशी बोलताना म्हणतो, हे ऐकण्यासारखं असतं.

तोच प्रसंग, पुन्हा

आता कांताबाईंच्या तोंडी वऱ्हाडीच्या तीनच खुणा ठेवू. चतुर्थीचा ‘-ले’ प्रत्यय, म्हणजे ‘मला’ऐवजी ‘मले’. ‘का’ऐवजी ‘काहून’. आणि चालू क्रिया सांगण्याची ‘करून राहिले’ ही पद्धत, प्रमाण मराठीत जिथे ‘करतायत’ येतं तिथे. बाकी लेखन नेहमीचं.

कांताबाई: “साहेब, कार्ड काल तुमच्याकडेच दिलं होतं. मले सांगा, पास काहून नाही झालं अजून?”

आरोग्यमित्र: “मावशी, प्री-ऑथ सकाळीच टाकलंय. अप्रूव्हल आलं की सांगतो तुम्हाला. रेशनकार्डाची ही झेरॉक्स तेवढी बदलून द्या, नंबर दिसत नाहीये.”

कांताबाई: “झेरॉक्स कालच मारून आणली ना. ओरिजनल आहे पिशवीत, ते पाहा. डॉक्टर म्हणून राहिले, दोन ब्लॉकेज आहेत, उद्याच स्प्रिंग टाकू. तुम्ही म्हणता थांबा. मी ऐकू कोणाचं?”

(आरोग्यमित्राचा फोन वाजतो.)

आरोग्यमित्र: “हाव बे, इथंच आहो. सर्व्हर डाऊन आहे सकाळपासून, मलेच बोलून राहिले सगळे. ठेव, पेशंट आहे समोर.”

(डॉक्टर जाता जाता थांबतात.)

डॉक्टर: “आई, काळजी करू नका. पेपर्स क्लिअर झाले की उद्या सकाळी पहिली केस यांचीच. रात्री बारानंतर काही देऊ नका त्यांना, पाणीसुद्धा नाही.” (मागच्या ज्युनिअरला) “एलएडीमध्ये नाइन्टी पर्सेंट आहे, सो डिले नकोय. बाराच्या पुढे एनबीएम ठेव.”

आता यातलं काय काय काम करतंय ते बघू.

कांताबाईंच्या तोंडी इंग्रजीतून आलेले सात शब्द आहेत: कार्ड, पास, झेरॉक्स, ओरिजनल, डॉक्टर, ब्लॉकेज, स्प्रिंग. डॉक्टर त्यांच्याशी बोलताना तीनच वापरतात. म्हणजे या देवाणघेवाणीत इंग्रजी जास्त कांताबाईंचंच आहे. पण त्यांचा प्रत्येक शब्द खिडकीवर, वॉर्डात, दुकानात हाती लागलेला आहे. ‘स्टेंट’ला त्या ‘स्प्रिंग’ म्हणतात, कारण कुणीतरी त्यांना तसंच समजावलंय. मंजुरीला त्या ‘पास होणं’ म्हणतात, आरोग्यमित्र ‘अप्रूव्हल’ म्हणतो. एकाच गोष्टीला दोन इंग्रजी शब्द आहेत आणि त्यांच्यामध्ये खिडकीची काच आहे. ‘पास’ हा शब्द जुना, कर्ज पास होतं, बिल पास होतं. ‘अप्रूव्हल’ संगणकाच्या पडद्यावरून आलेला. डॉक्टर ‘पेपर्स’ म्हणतात. कांताबाईंवर वेळ आली असती तर त्या ‘कागद’ म्हणाल्या असत्या.

आरोग्यमित्र कांताबाईंशी प्रमाणाच्या जवळचं मराठी बोलतो: ‘टाकलंय’, ‘तुम्हाला’, ‘नाहीये’. फोनवर मित्र आला की ‘आहो’ आणि ‘मलेच’ बाहेर येतं. म्हणजे तो त्याच भागातला आहे. समोर बसलेल्या बाईशी त्याला तिच्याच बोलीत बोलता आलं असतं, पण त्यानं ते केलं नाही, कारण खुर्ची वेगळी आहे. वाचकाला हे कुणी सांगितलेलं नाही. दोन वाक्यं शेजारी ठेवल्यावर ते दिसतं. शिवाय फोनवर तो कांताबाईंना ‘पेशंट’ म्हणतो. पेशंट तर आत झोपलाय. पण खिडकीवरच्या माणसासाठी समोर उभा राहणारा प्रत्येकजण पेशंटच असतो.

डॉक्टरांनी एकच सूचना दोनदा दिली. बाईंना ‘काही देऊ नका, पाणीसुद्धा नाही’, ज्युनिअरला ‘एनबीएम ठेव’. तोंडावाटे काही द्यायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. ‘एलएडी’ ही हृदयाची एक मुख्य रक्तवाहिनी. डॉक्टरांचं इंग्रजी शिक्षण दाखवायला ‘ओह, सो सॉरी’ची गरज पडली नाही. त्यांना कुठे इंग्रजी आवरायचं ते कळतं, आणि पाठ वळली की पहिला सांधा ‘सो’ येतो, एवढं पुरलं.

“पण लोक ‘पानी’ म्हणतात, मग ‘पानी’ लिहिलं तर काय बिघडलं?”

हा रास्त आक्षेप आहे, आणि आता दुसऱ्या चुकीकडे येऊ. कांताबाई खरोखरच ‘पानी’ आणि ‘कोन’ म्हणतील. वऱ्हाडीत आणि इतर अनेक बोलींत ‘ण’चा ‘न’ होतो. पण मग बाकीच्यांचं काय?

डॉक्टरांनाच ऐका. ते ‘पाहिजे’ लिहितात पण ‘पायजे’ म्हणतात. ‘बघितलं’चं घाईत ‘बगितलं’ होतं. ‘नाही’चं ‘नाय’ आणि ‘नै’ होतं. भल्याभल्या वक्त्यांचं हेच होतं. लेखक मात्र डॉक्टरांचं ‘पाहिजे’ शुद्ध लिहितो आणि कामवाल्या बाईचं ‘पायजे’ लिहितो. उच्चार दोघांचा सारखाच. स्पेलिंग फक्त एकाचं बिघडलेलं. या प्रकाराला जॉर्ज फिलिप क्रॅप या अभ्यासकानं १९२५ मध्ये नाव दिलं, त्याला आपण ‘डोळ्यांची बोली’ म्हणू. कानाला जो फरक ऐकूच येत नाही तो कागदावर डोळ्यांना दाखवायचा. त्यातून वाचकाला बोली कळत नाही. लेखक त्या पात्राला खालचं समजतो, एवढंच कळतं.

‘पानी’ हे डोळ्यांच्या बोलीत बसत नाही, कारण तिथे उच्चार खरंच वेगळा आहे. तरी मी तो सहसा लिहीत नाही. ‘ण’ मराठीत जवळजवळ प्रत्येक वाक्यात येतो. तो बदलला की पानभर ‘न’ची रांग लागते, आणि ‘आनि-पानी’ म्हणून ज्यांची शाळेत टिंगल झाली त्या वाचकाला पहिल्या ओळीलाच ती टिंगल आठवते. ‘मले’चं तसं नाही. तो व्याकरणाचा भाग आहे, चुकलेला ‘मला’ नव्हे. मालवणीत ‘माका’ येतं, वऱ्हाडीत ‘मले’, आणि दोन्हींना आपापले नियम आहेत. म्हणून माझा कल असा: व्याकरण आणि शब्द बोलीचे घ्यावेत, उच्चार मोजक्या ठिकाणी, आणि जो उच्चार एका पात्रासाठी लिहिला तो तसं बोलणाऱ्या प्रत्येक पात्रासाठी लिहावा, मग तो आमदार असो वा प्राचार्य.

इंग्रजी शब्दांच्या बाबतीत हे आणखी कडक लागू होतं. ‘आपरेशन’, ‘ठेसन’, ‘इस्कूल’ लिहिताना आपण गृहीत धरतो की आपला स्वतःचा उच्चार लंडनहून आलाय. बहुतेक मराठी माणसं इंग्रजी ‘टी’चा ठणठणीत ‘ट’ करतात. देवनागरी ते झाकून घेते. मग एकट्या कांताबाईंचंच का उघडं करायचं?

“तीन खुणांनी वाचकाला बोली कळेल का?”

कळते, फक्त त्या खुणा पहिल्या दोन वाक्यांत यायला हव्यात आणि नंतर सुटता कामा नयेत. वाचकाचा कान एकदा लागला की तो उरलेला उच्चार स्वतः भरून घेतो. खुणा मोजक्या असल्या तरी त्या पाळाव्या लागतात. कांताबाई एका पानावर ‘मले’ आणि पुढच्या पानावर विनाकारण ‘मला’ म्हणाल्या, तर वाचकाचा विश्वास जातो. कारण असेल तर मात्र तोच बदल बोलका ठरतो. वरच्या साहेबासमोर उभ्या राहिल्या की कांताबाई कदाचित म्हणतील, “साहेब, अर्ज आम्ही दिलेला आहे.” हे ‘दिलेला आहे’ ना त्यांच्या बोलीतलं, ना घरातलं. ते सरकारी कागदाचं मराठी आहे, आणि भीड पडली की माणसं इंग्रजीकडे जाण्याआधी तिकडे जातात. मराठी संवादांत ही तिसरी भाषा फार कमी दिसते.

काही खुणा मात्र अनोळखी वाचकाला चूक वाटतात. कोल्हापूर-बेळगावकडच्या अनेक बायका स्वतःबद्दल ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. विदर्भातला किंवा मुंबईतला वाचक म्हणेल, मुद्रितशोधकाची डुलकी. अशी खूण वापरायची असेल तर पहिल्यांदा ती अशा ठिकाणी ठेवावी जिथे बोलणारी बाईच आहे याबद्दल शंका उरणार नाही, आणि लगेच दुसऱ्या वाक्यात पुन्हा यावी. दोनदा आली की ती चूक राहत नाही. कंसात खुलासा देऊ नये. कंस आला की पात्र बोलायचं थांबतं आणि लेखक बोलू लागतो.

काही खुणा तर इतक्या साध्या असतात की त्यांना बोली म्हणून कुणी ओळखतही नाही. ‘मी त्याला म्हणालो’ऐवजी ‘मी त्याला बोललो’. ‘पुस्तक मिळालं’ऐवजी ‘पुस्तक भेटलं’. एकही अक्षर वाकडं नाही, तरी माणूस कुठल्या गोतावळ्यात वाढला याचा अंदाज येतो. ज्यांना ‘भेटलं’ खटकतं त्यांचाही येतो.

“मग विनोद करायचाच नाही का?”

बोलीत विनोद भरपूर आहे, आणि तो करायलाच हवा. तो कशावर उभा आहे, हे तपासायला एक सोपी परीक्षा आहे. विनोदी वाक्य सरळ प्रमाण मराठीत लिहून बघा. “डॉक्टर म्हणतात उद्याच करू, तुम्ही म्हणता थांबा, मी ऐकू कोणाचं?” यातला कांताबाईंचा टोमणा प्रमाण भाषेतही शाबूत राहतो. म्हणजे टोमणा त्यांचा आहे, बोलीनं त्याला चव आणली. ‘माजं मालक आय शी यू मंदी हायती’ हे वाक्य प्रमाणात आणलं तर उरतं ‘माझे पती अतिदक्षता विभागात आहेत.’ यात हसण्यासारखं काहीच नाही, उलट काळजीची गोष्ट आहे. आपण बाईच्या उच्चाराला हसत होतो.

दुसरी परीक्षा नावं झाकण्याची आहे, आणि तिच्यावर मी थोडा कमी विसंबतो. पात्रांची नावं झाकून संवाद वाचला तर कोण बोलतंय ते कळायला हवं, असं म्हणतात. पण दोन सख्ख्या बहिणी सारख्याच बोलत असतील तर त्या सारख्याच बोलायला हव्यात. निव्वळ ओळख पटावी म्हणून प्रत्येकाला एकेक लकब वाटून दिली की पुन्हा सोंगच तयार होतं.

“मी त्या भागातला नाही. मग लिहूच नये?”

लिहावं, पण ऐकीव ‘ग्रामीण’वरून लिहू नये. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण करून ते लोकांसाठी इंटरनेटवर ठेवलं आहे. एखादं रूप कुठल्या भागात येतं, हे तिथे तपासता येतं. ‘विदर्भाची भाषा’ असं सरसकट म्हणण्याआधी हे बघावं, कारण नागपूरचं आणि अकोल्याचं बोलणं एक नाही, आणि पूर्वेकडे झाडीपट्टीत ते आणखी वेगळं होतं.

पण सर्वेक्षणातून इंग्रजी मिळत नाही. खिडकीवर आज लोक ‘अप्रूव्हल’ म्हणतात की ‘पास’, ‘स्टेंट’ म्हणतात की ‘स्प्रिंग’, हे तिथे अर्धा तास बसूनच कळतं. लिहून झाल्यावर त्या भागातल्या माणसाला संवाद वाचून दाखवू नका. त्यालाच मोठ्यानं वाचायला सांगा. “बरोबर आहे का?” विचारलं की माणसं भिडेखातर “छान आहे” म्हणतात. मोठ्यानं वाचताना मात्र जिथे जीभ अडखळते, किंवा तो नकळत एखादा शब्द बदलून वाचतो, ती जागा चुकलेली असते. बदललेला शब्द लगेच टिपून घ्यावा.

बोलणं बदलतं तेव्हा

लांब लेखनात एक अडचण उरते. समजा, कांताबाईंचा मुलगा पुण्यात आयटीत नोकरीला लागला. पाच-सहा वर्षांत त्यानं ‘मले’ सोडलं, ‘काहून’ सोडलं, आणि ऑफिसात ‘सो’ आणि ‘बट’ कमावलं. सोयीचा मार्ग म्हणजे गावाची बस पकडल्यावर त्याच्या तोंडी सगळी वऱ्हाडी एकदम परत आणायची. खरं तसं होत नाही. आईशी फोनवर तो पहिली दोन वाक्यं पुण्याचीच बोलतो, आणि बोली परत येते ती तुकड्यातुकड्यानं. बहुतेकदा सर्वनामं आणि क्रियापदं आधी परततात, कारण ती सवयीची असतात, आणि कामाचे इंग्रजी शब्द तसेच राहतात, कारण त्यांना घरी दुसरा शब्दच नाही. “आई, मले लीव्ह नाही भेटून राहिली” या एका वाक्यात त्याची सहा वर्षं येतात. पण ऑफिसातल्या मीटिंगमध्ये, अगदी रागाच्या भरात त्याच्या तोंडून ‘मले’ काढायचं असेल, तर आधी तो कुणावर रागावलाय हे ठरवावं लागेल. साहेबावर रागावलेला माणूस बहुधा आणखी इंग्रजीत शिरतो. बोलीत तो शिरतो ते बरोबरीच्यावर, किंवा स्वतःवर रागावल्यावर.